दर शब्दाचा, हिशेब तासाचा

लखनौच्या आमच्या शाखेत खाते असलेल्या एक मराठी ताई घरबसल्या हिंदीतून मराठीत अनुवाद करतात. कामे ॲपवरच्या रांगेत येतात. जो आधी उचलेल त्याचे काम, आणि उचलले की मुदत सुरू.

एका सकाळी रांगेत दोन कामे होती. दुकानाचे माहितीपत्रक ४५० शब्दांचे, शब्दाला ८० पैसे. भाडेकरार १,००० शब्दांचा, शब्दाला १ रुपया २० पैसे, मुदत पाच तास. मोह अर्थातच १,२०० रुपयांचा! पण ताईंनी आधी मजकूर वाचला. साधा मजकूर त्यांचा तपासणीसह तासाला ३०० शब्द होतो, कायद्याचा १५०. म्हणजे माहितीपत्रकाचे दीड तासात ३६० रुपये, तासाला २४०. कराराला सहा तास चाळीस मिनिटे लागणार, तासाला १८० रुपये पडणार. आणि मुदत तर चुकणारच.

मुदत चुकली की काम रांगेत परत जाते, मोबदला बुडतो, गुण घसरतात. घाईतल्या चुकांनीही गुण जातात. ते ठरलेल्या पातळीखाली गेले की चांगल्या दराची कामे रांगेत दिसतच नाहीत, त्यामुळे फटका पुढचे कित्येक आठवडे बसतो.

शिवाय उचललेले काम म्हणजे खात्यातली जमा नव्हे. पैसे पुढच्या महिन्यात येतात. ताईंना ३,००० रुपयांचे आवर्ती खाते उघडायचे होते. आम्ही सहा महिन्यांचे पासबुक पाहिले. सर्वांत कमी जमा ४,२०० रुपये निघाली. हप्ता चुकला तर दंड पडतो, म्हणून १,००० चाच ठेवला. चांगल्या महिन्यातली जादा रक्कम त्या मुदत ठेवीत टाकतात.