रॉ की कॉम्प्रेस्ड? लघुपटासाठी साठवणुकीचा हिशेब

फरक कुठे पडतो?

कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा प्रकाश मोजतो. रॉमध्ये ही मोजमापं जवळजवळ जशीच्या तशी साठवली जातात. कॉम्प्रेस्ड चित्रीकरणात कॅमेरा तिथल्या तिथे रंग ठरवतो, व्हाइट बॅलन्स पक्का करतो आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारा तपशील टाकून देतो. 12 बिटच्या रॉमध्ये प्रत्येक बिंदूला उजेडाच्या 4096 पायऱ्या मिळतात, तर 8 बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाला 256.

जागा किती लागते?

4के चौकटीत सुमारे 83 लाख बिंदू असतात. प्रत्येकाला 12 बिट धरले तर एक फ्रेम साधारण 12.4 एमबीची होते आणि सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबाने 311 एमबी भरतात.

समजा, दहा मिनिटांच्या लघुपटासाठी 80 मिनिटांचं चित्रीकरण होणार आहे. न दाबलेल्या रॉला सुमारे दीड टीबी लागेल. आठास एक प्रमाणात दाबलेल्या रॉला 187 जीबी, तर 100 मेगाबिटच्या एच.264ला 60 जीबी पुरतील. दुसरी प्रत ठेवायलाच हवी, म्हणून प्रत्येक आकडा दुप्पट धरा.

कार्डाचा वेग

आठास एक रॉला सेकंदाला 39 एमबी सलग लिहावे लागतात. कार्डावरचा ठळक आकडा बहुधा वाचण्याचा वेग असतो, त्यावर जाऊ नका. V30 म्हणजे लिहिण्याच्या किमान 30 एमबी वेगाची हमी, ती इथे अपुरी पडते. V60 घ्या, नाहीतर मधल्या फ्रेम गळतात किंवा रेकॉर्डिंग थांबतं.

रॉ कधी उपयोगी पडतं?

खिडकीसमोर बसलेली आजी, मागे ऊन आणि खोलीत पिवळा दिवा, असा प्रसंग घ्या. संकलनात चेहरा उजळवायला गेलं की 8 बिटच्या चित्रात भिंतीवर पट्टे उमटतात आणि सावलीत चौकोनी ठोकळे दिसतात. रॉमध्ये सावली बरीच उचलता येते, व्हाइट बॅलन्सही नंतर बदलता येतो. मात्र खिडकीबाहेरचं आभाळ पूर्ण पांढरं पडलं असेल, तर तिथे सेन्सरनेच काही मोजलेलं नसतं. ते रॉमध्येही परत येत नाही.

सारख्या उजेडातल्या मुलाखतीत, एक्सपोजर आणि रंग जागेवरच नीट जमले असतील, तर हा जास्तीचा डेटा फारसा कामी येत नाही.

आधी चाचणी, मग निवड

त्याच खोलीत, त्याच वेळी दोन्ही प्रकारांत दहा-दहा सेकंद चित्रित करा. संकलनात सावल्या उजळवून भिंत आणि गाल पाहा. फरक दिसला, तर तो संपूर्ण प्रसंग रॉमध्ये घ्या. एखादाच शॉट रॉमध्ये घेतला, तर शेजारच्या शॉटशी रंग जुळवणं जड जातं. खिडकीच्या प्रसंगाची 12 मिनिटं आठास एक रॉमध्ये आणि उरलेली 68 एच.264मध्ये घेतली, तर एका प्रतीला सुमारे 79 जीबी लागतील.