नोंदच नसलेली हमीपत्रे

16 जानेवारी 2018 रोजी नीरव मोदीशी संबंधित कंपन्यांनी पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेकडे आयातीसाठी हमीपत्रे मागितली. शाखेने नेहमीप्रमाणे सांगितले, पूर्ण रकमेइतकी ठेव आधी ठेवा. त्यावर उत्तर आले की, आम्हाला तर आजवर ठेवीशिवायच हमीपत्रे मिळत आली आहेत. कर्मचाऱ्यांनी संगणकात शोध घेतला, तर अशा व्यवहारांची एकही नोंद सापडेना. महिनाअखेरीच्या पहिल्या तक्रारीत आकडा सुमारे 280 कोटी रुपयांचा होता. 14 फेब्रुवारीला बँकेने शेअर बाजारांना कळवला तो सुमारे 11,400 कोटींचा, आणि पुढे तोही वाढला.

लेखापरीक्षणाच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात तीन शब्द एकापाठोपाठ येतात: अंतर्गत नियंत्रण, अंतर्गत तपासणी आणि व्हाउचिंग. विद्यार्थी व्याख्या पाठ करतात आणि परीक्षेत त्यांची अदलाबदल करतात. या एका शाखेत काय झाले ते नीट पाहिले, तर तिन्ही वेगवेगळे दिसू लागतात.

हमीपत्राचा व्यवहार तसा साधा. आयातदाराला परदेशात पैसे चुकवायचे असतात. त्याची बँक ‘हा फेडेल, नाही फेडले तर आम्ही फेडू’ असे स्विफ्ट या संदेशप्रणालीतून दुसऱ्या बँकेच्या परदेशातील शाखेला कळवते. त्या भरवशावर ती शाखा पैसे देते. म्हणजे संदेश गेला त्या क्षणी हमी देणाऱ्या बँकेच्या डोक्यावर संभाव्य देणे आले. ते तिच्या मुख्य संगणकप्रणालीत, म्हणजे तिच्या वह्यांत, दिसायला हवे.

एकाने संदेश तयार करायचा, दुसऱ्याने तो तपासून मंजूर करायचा, तिसऱ्याने दिवसअखेर गेलेले संदेश वह्यांशी ताडून पाहायचे. कामाची ही वाटणी म्हणजे अंतर्गत तपासणी. इथे वेगळा तपासनीस येऊन बसत नाही. रोजचे काम पुढे सरकतानाच एकाचे काम दुसऱ्याच्या नजरेखालून जाते. अंतर्गत नियंत्रण त्याहून मोठे आहे. कोणाला किती रकमेपर्यंत मंजुरीचा अधिकार, ठेव किती घ्यायची, कर्मचाऱ्याची बदली कधी, पासवर्ड कोणाकडे, अंतर्गत लेखापरीक्षा किती वेळा, हे सारे त्यात येते. अंतर्गत तपासणी हा त्यातला एक भाग.

ब्रॅडी हाउसमध्ये, सीबीआयच्या आरोपानुसार, एक उपव्यवस्थापक आणि त्याच्या हाताखालचा एक कर्मचारी यांच्या संगनमताने संदेश जात राहिले. तयार करणारा आणि तपासणारा एक झाले की वाटणी कागदावरच उरते. अंतर्गत तपासणीची ही जुनी मर्यादा आहे: तिला एकटा चोर सापडतो, जोडी सापडेलच असे नाही. पण खरी भगदाडे नियंत्रणात होती. स्विफ्ट आणि बँकेची मुख्य प्रणाली एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या, त्यामुळे संदेश पाठवूनही वहीत काही न लिहिणे शक्य होते. शिवाय तो अधिकारी 2010 पासून 2017 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच विभागात होता. बदली वेळेवर झाली असती, तर नव्या माणसासमोर जुन्या हमीपत्रांची मुदत भरली असती आणि प्रश्न निघाला असता. शेवटी झाले ते असेच, फक्त निवृत्तीनंतर.

आणि व्हाउचिंग? वहीतली नोंद घ्यायची आणि तिच्यामागचा कागदोपत्री पुरावा तपासायचा, हे व्हाउचिंग. लोकांना वाटते, बिल आहे की नाही एवढे पाहून टिक करायची. एका गृहनिर्माण संस्थेच्या रोकडवहीत ‘रंगकाम, 64,000 रुपये’ अशी नोंद आहे असे समजा. बिल जोडलेले आहे. पण ते संस्थेच्या नावाचे आहे की सचिवांच्या? तारीख याच आर्थिक वर्षातली आहे का? कार्यकारिणीच्या ठरावात या कामाला मंजुरी आहे का? चेक त्याच कंत्राटदाराच्या खात्यात गेला का? बिलावर ‘रक्कम अदा’ असा शिक्का आहे का? नसेल तर तेच बिल पुन्हा जोडता येते. मुरलेला लेखापरीक्षक बिलाचा क्रमांकही पाहतो. एप्रिल, ऑगस्ट आणि जानेवारीतल्या तीन बिलांचे क्रमांक 41, 42, 43 असतील, तर या कंत्राटदाराला वर्षभर दुसरे गिऱ्हाईकच मिळाले नाही का, हा प्रश्न पडायला हवा. बिल खरे असूनही नोंद चुकीची असू शकते: नवा पंप घेतला आणि खर्च ‘दुरुस्ती’त टाकला, तर त्या वर्षाचा खर्च फुगतो आणि मालमत्ता कमी दिसते.

आता ब्रॅडी हाउसकडे पाहा. तिथल्या वहीतली प्रत्येक नोंद कोणी अशी तपासली असती, तरी ही हमीपत्रे हाती लागली नसती, कारण नोंदच नव्हती. वहीकडून कागदाकडे गेले की खोटी आणि फुगवलेली नोंद सापडते. गाळलेली नोंद शोधायची तर उलट दिशेने, कागदाकडून वहीकडे, यावे लागते. इथे तो कागद म्हणजे स्विफ्टची रोजची यादी: तिच्यातला प्रत्येक संदेश उचलायचा आणि वहीत त्याची जागा दाखवा म्हणायचे. अभ्यासक्रम व्हाउचिंगला लेखापरीक्षणाचा कणा म्हणतो, पण ही दुसरी दिशा शिकवताना हात आखडता घेतो, असे म्हणायला जागा आहे.

छोट्या दुकानातही नेमकी हीच गोष्ट घडते. घाऊक व्यापाऱ्याकडे रोखपालच वसुली घेतो आणि तोच खातेवही लिहितो, असे समजा. सोमवारी एका गिऱ्हाइकाने दिलेले 20,000 रुपये त्याने खिशात घातले. गुरुवारी दुसऱ्याकडून 20,000 आले, ते पहिल्याच्या खात्यावर जमा दाखवले. पुढच्या आठवड्यात तिसऱ्याच्या पैशांनी दुसऱ्याचे खाते भरले. वहीतल्या प्रत्येक जमेमागे बँकेत खरोखर भरलेली रक्कम आहे, बेरजा जुळतात, आणि तूट मात्र पुढे सरकत राहते.

ती पकडायला पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींपासून सुरुवात करावी. पावती सोमवारची आणि खात्यावर जमा गुरुवारची, हे अंतर एकदा दिसले तर योगायोग. दर वेळी दिसले तर नाही. मग गिऱ्हाइकांना थेट पत्र पाठवून शिल्लक विचारावी, आणि उत्तर रोखपालाकडे न येता लेखापरीक्षकाच्या पत्त्यावर यावे. स्थळप्रतच नसेल, म्हणजे पावतीच दिली नसेल, तर हे पत्रच उपयोगी पडते. मूळ दोष मात्र वाटणीचा आहे: पैसे घेणारा आणि खाते लिहिणारा एकच आहे, आणि नोकर एकच असेल तर खातेवही मालकाने स्वतः लिहावी.

असा रोखपाल सहसा रजा घेत नाही, कारण तो आठ दिवस नसला तर साखळी तुटते. म्हणून रजेचा नियम हासुद्धा नियंत्रणाचाच भाग धरतात. ब्रॅडी हाउसनंतर रिझर्व्ह बँकेने 13 मार्च 2018 रोजी ही हमीपत्रे बंद केली आणि स्विफ्ट मुख्य प्रणालीला जोडण्यासाठी बँकांना मुदत घातली. 2021 च्या परिपत्रकानुसार बँकेतल्या संवेदनशील पदावरच्या कर्मचाऱ्याला दरवर्षी सलग किमान दहा कामकाजाचे दिवस, आधी न सांगता, सक्तीच्या रजेवर पाठवावे लागते.