अनुभूत वय : रुग्णाला आतून किती वर्षांचे वाटते?

आमच्या चिकित्सालयात आणि आपणांपैकी अनेकांच्या औषधी दुकानांत रोज ऐकू येणारी दोन वाक्ये आहेत. साठी ओलांडलेला गृहस्थ म्हणतो, "वय कागदावर. आतून मी अजून पन्नाशीचाच आहे." आणि चाळिशीतील स्त्री म्हणते, "डॉक्टर, आत्ताच म्हातारी झाल्यासारखे वाटते, काहीतरी ताकदीचे द्या." पहिले वाक्य आपण हसून सोडून देतो. दुसऱ्या वाक्यावर बहुधा एखादे रसायन हातावर ठेवतो. या दोन्ही वाक्यांत काही अर्थ दडलेला असतो. तो कसा वाचावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संकल्पना

चरकसंहितेच्या विमानस्थानात दशविध परीक्षेतील अखेरचा भाव 'वय' हा आहे. काळाच्या प्रमाणाशी निगडित अशी शरीराची अवस्था, असा त्याचा अर्थ तेथे सांगितला आहे. म्हणजे वय ही केवळ वर्षांची बेरीज नव्हे. चरकाचार्यांनी साठ वर्षांपर्यंत मध्यम वय मानले, तर सुश्रुताचार्यांनी ते सत्तरपर्यंत नेले. सुश्रुतसंहितेत जरेचेही दोन प्रकार आहेत : योग्य काळी येणारी कालज आणि शरीराचे रक्षण न झाल्याने अकाली येणारी अकालज.

आधुनिक मानसशास्त्राने यात आणखी एका वयाची भर घातली आहे. व्यक्तीला स्वतःला आपण किती वर्षांचे आहोत असे वाटते, त्यास आपण 'अनुभूत वय' म्हणू. ते जन्मवय नव्हे आणि धातूंच्या अवस्थेवरून वैद्याने अनुमानिलेले वयही नव्हे. ते रुग्णाचे स्वतःविषयीचे मोजमाप आहे.

दहा वर्षांचे अंतर कोठून येते?

रुबिन आणि बर्न्टसेन या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डेन्मार्कमधील २० ते ९७ वर्षे वयाच्या १,४७० व्यक्तींना हाच प्रश्न विचारला होता. पंचविशीच्या आतील मंडळींना आपण वयापेक्षा मोठे वाटत होतो. पंचविशीनंतर चित्र उलटले. चाळिशीनंतर लोकांना आपण जन्मवयाच्या सुमारे २० टक्क्यांनी लहान वाटत होते आणि हे प्रमाण पुढे जवळजवळ स्थिर राहिले. पन्नाशीच्या माणसासाठी २० टक्के म्हणजे दहा वर्षे. 'दहा वर्षांनी तरुण वाटते' असे म्हणणारा गृहस्थ म्हणूनच अपवाद नसून सर्वसामान्य आहे.

असे का व्हावे? कोणीही वय रिकाम्या जागेत मोजत नाही. मोजण्यासाठी हाती एक पट्टी असते. वीस वर्षांच्या मुलाला मोठे मानले जाणे हवे असते, म्हणून तो पट्टीवर पुढे सरकतो. साठीच्या माणसाच्या मनात 'साठीचा म्हातारा' म्हणून जे चित्र असते, ते त्याच्या आजोबांचे असते : काठी, पडलेले दात, ओसरीवरची बाज. स्वतःकडे पाहता तो त्या चित्रात बसत नाही आणि बसू इच्छितही नाही. 'वृद्ध' या गटापासून मनाने दूर राहणे हा स्वाभिमान राखण्याचा एक मार्ग आहे. त्यात खोटेपणा नाही.

पट्टीचे दुसरे टोक शरीराच्या हाती असते. वेदना, दम लागणे, अपुरी झोप, मंदावलेला अग्नी हे संकेत मन सतत वाचत असते आणि त्यांचा अर्थ 'वय झाले' असा लावते. हे किती सहज घडते, हे स्वीडनमधील बाल्टर आणि अ‍ॅक्सेल्सन यांच्या २०२४ सालच्या प्रयोगात दिसले. त्याच व्यक्तींना दोन रात्री केवळ चार तास झोपू दिले आणि दुसऱ्या वेळी दोन रात्री नऊ तास बिछान्यावर राहू दिले. कमी झोपेनंतर त्यांना आपण सरासरी चार वर्षांहून अधिक मोठे झाल्यासारखे वाटले. दोन रात्रींत धातुक्षय होत नाही. बदलला तो अनुभव.

म्हणून वयापेक्षा दहा वर्षे तरुण वाटणे हे बहुधा सामान्य असते, पण वयापेक्षा दहा वर्षे मोठे वाटणे हे पन्नाशीच्या आसपासच्या रुग्णात सामान्य नसते. तेथे कारण शोधावे लागते.

प्रश्न कसा विचारावा?

आम्ही तो असा विचारतो : "तुमचे वय मी लिहून घेतले आहे. पण आतून तुम्हांला किती वर्षांचे असल्यासारखे वाटते? एक आकडा सांगा." आकडा मिळाल्यावर त्यातून जन्मवय वजा करावे, उरलेल्यास जन्मवयाने भागावे आणि शंभराने गुणावे. पन्नास वर्षांचा रुग्ण 'चाळीस' म्हणाला तर उत्तर उणे २० टक्के येते. 'साठ' म्हणाला तर अधिक २० टक्के. नुसत्या वर्षांपेक्षा टक्के सोयीचे, कारण तिशीतील दहा वर्षे आणि सत्तरीतील दहा वर्षे सारखी नसतात.

यानंतरचा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे : "असे केव्हापासून वाटते?" आयुष्यभर थोडे पोक्त वाटत आलेला माणूस वेगळा आणि गेल्या दिवाळीपासून अचानक म्हातारा झालेला माणूस वेगळा.

हे प्रश्न नाडीपरीक्षेपूर्वी आणि रक्ताच्या अहवालाची चर्चा होण्यापूर्वी विचारावेत. ह्यूज व सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखविले की वयस्कर व्यक्तींना स्मरणशक्तीची एक छोटी चाचणी दिली, तर ती संपेपर्यंत त्यांचे अनुभूत वय सुमारे पाच वर्षांनी वाढते. तरुणांत तसे होत नाही. आपण 'साखर वाढली आहे' असे सांगून मग वय विचारले, तर मिळणारा आकडा आपणच घडविलेला असतो.

एक रुग्णानुभव

आमच्याकडे एक ४६ वर्षांच्या प्राथमिक शिक्षिका आल्या. थकवा, केस गळणे आणि 'उत्साह राहिला नाही' ही तक्रार होती. दुकानातून घेतलेले च्यवनप्राश आणि अश्वगंधा चूर्ण त्या तीन महिने घेत होत्या. आम्हीही धातुक्षय गृहीत धरून रसायनाची मात्रा वाढवून दिली. सहा आठवड्यांनी त्या तशाच परत आल्या. चूक आमची होती. तेव्हा कोठे आम्ही वरील दोन प्रश्न विचारले.

"बाई, आतून किती वर्षांच्या वाटता?" त्या म्हणाल्या, "पासष्ट." म्हणजे अधिक ४१ टक्के. केव्हापासून? "गणपतीनंतर. त्याआधी मी स्वतःला चाळिशीचीच समजत होते." दहा महिन्यांत पंचवीस वर्षांची उडी! जरा अशी येत नाही. मग आम्ही पुन्हा तपासले. त्वचा रूक्ष, आवाज किंचित घोगरा, मलावष्टंभ, उन्हाळ्यातही थंडी वाजणे, नाडी मिनिटाला ५८. रक्ततपासणीत टी.एस.एच. ३८ आले (सामान्य मर्यादा साधारण साडेचारपर्यंत) आणि हिमोग्लोबिन ९.८. जी अकालज जरा वाटत होती, ती थायरॉइड ग्रंथीची मंदता आणि पांडू यांची जोडी होती.

रुग्णास आम्ही फिजिशियनकडे पाठविले व तेथे लेव्होथायरॉक्सिन सुरू झाले. अश्वगंधा आम्ही बंद केली, कारण ती थायरॉइड संप्रेरकांवर परिणाम करू शकते आणि मात्रा ठरविताना गोंधळ होतो. पांडूसाठी मांडूरकल्प दिला, मात्र लेव्होथायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी आणि मांडूर त्यानंतर किमान चार तासांनी, असे लिहून दिले. लोह व चुना त्या औषधाचे शोषण अडवितात. लोहभस्म, मांडूर, शंखभस्म, प्रवाळ यांचे कल्प देताना औषधी विक्रेत्यांनी 'थायरॉइडची गोळी चालू आहे का' एवढे विचारले, तरी पुष्कळ नुकसान टळेल. पाच महिन्यांनी बाईंना पुन्हा तोच प्रश्न केला. उत्तर आले, "अठ्ठेचाळीस."

प्रत्येक वेळी थायरॉइडच निघेल असे नाही. पांडू, मधुमेह, निद्रानाश, झोपेत श्वास अडकणे, विषाद, जवळच्या माणसाचा वियोग, घरात अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्याची दीर्घ शुश्रूषा ही कारणे आम्ही क्रमाने पाहतो. शेवटच्या तिन्हींत सत्त्वपरीक्षा हीच मुख्य परीक्षा ठरते.

मर्यादा

इंग्लंडमधील रिपन आणि स्टेप्टो यांचा २०१५ सालचा अभ्यास नेहमी उद्धृत होतो. सरासरी ६५.८ वर्षे वयाच्या ६,४८९ व्यक्तींना सरासरी ५६.८ वर्षांचे असल्यासारखे वाटत होते. पुढील सुमारे आठ वर्षांत स्वतःला तरुण समजणाऱ्यांपैकी १४.३ टक्के, तर मोठे समजणाऱ्यांपैकी २४.६ टक्के मृत्यू पावले. मूळचे आजार हिशेबात घेतल्यावर हा फरक कमी झाला, तरी पूर्णपणे नाहीसा झाला नाही. यावरून 'तरुण समजा म्हणजे दीर्घायुषी व्हाल' असा निष्कर्ष काढू नये. हा केवळ संबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. अद्याप न सापडलेला आजारही माणसाला म्हातारे वाटायला लावतो. शिवाय हे आकडे डेन्मार्क व इंग्लंडचे आहेत. साठीला साठीशांत करून आनंदाने वडीलपण स्वीकारणाऱ्या आपल्या समाजास २० टक्क्यांची रेषा जशीच्या तशी लावू नये. रुग्णाची तुलना त्याच्याच पूर्वीच्या आकड्याशी करावी.

दुसरी मर्यादा तरुण वाटणाऱ्यांची. पंचाहत्तरीचा रुग्ण 'मी पंचावन्नचा आहे' म्हणून तीक्ष्ण विरेचनाचा आग्रह धरतो. त्याचा उत्साह खरा असतो, पण वृक्क, कोष्ठ आणि बल हे पंचाहत्तरीचेच असतात. शोधनाची आणि औषधाची मात्रा जन्मवय व प्रत्यक्ष बल पाहूनच ठरवावी. अनुभूत वयावर कधीही नाही.

केसपेपरवर वयाच्या रकान्याशेजारी आम्ही आता आणखी एक आकडा आणि एक महिना लिहितो. आकडा जन्मवयाच्या पुढे असेल आणि महिना अलीकडचा असेल, तर रसायनाची बरणी तेवढा वेळ कपाटातच राहते.