मानेवरच्या वळ्या आणि ब्लरचा मोह

अंतरपाटामागे नवरी मान खाली घालून उभी असते आणि मांडवातले दिवे थेट डोक्यावरून पडत असतात. असा फोटो संगणकावर मोठा करून पाहिला, की मानेवर दोन खोल वळ्या आणि कॉलरबोनच्या वर काळे खड्डे दिसतात. एरवी ती तशी दिसत नाही. वळी पडते ती मान वाकवल्यामुळे, खड्डा काळा होतो तो वरच्या उजेडामुळे.

अल्बमच्या घाईत मग मानेवर ब्लर फिरवला जातो. त्वचेची बारीक छिद्रं पुसली जातात, गालावरची मात्र राहतात, आणि चेहरा दुसऱ्याच कुणाच्या मानेवर बसवल्यासारखा वाटतो. हे नवरीवर अन्याय करणारं काम आहे. वळी म्हणजे मुळात उजेडाचा फरक: मधे गडद रेघ, तिच्या शेजारी उजळ कड. हा फरक कमी केला की वळी उथळ होते आणि त्वचेचा पोत जागचा हलत नाही.

फोटोशॉपमध्ये त्यासाठी रिकामा लेयर घ्यावा, Healing Brush चा Sample पर्याय Current & Below वर ठेवावा आणि फक्त रेघेचा तळ भरावा. नमुना वळीच्या अगदी शेजारून घ्यावा. गालावरून घेतला तर पोत जुळत नाही. वळी पूर्ण गेली की लेयरची Opacity साधारण ५० टक्क्यांवर आणावी. अर्धी वळी परत येते, आणि ती यायलाच हवी, कारण वाकलेली मान सपाट असूच शकत नाही.

कॉलरबोनच्या सावलीला Curves लागतं. उजळ केलेल्या Curves लेयरचा मास्क काळा करायचा, मऊ कडेचा पांढरा ब्रश घ्यायचा, Flow ३-४ टक्के ठेवायचा आणि सावलीच्या सर्वांत गडद गाभ्यावरच हलका हात फिरवत राहायचं. कडेला हात लावायचा नाही; हाड कुठे आहे आणि उजेड कुठून येतो, ते तिच्यावरूनच कळतं. गळ्यातल्या ठुशीची सावलीही राहू द्यावी. ती गेली की दागिना तरंगायला लागतो.

उजळलेला भाग कधी राखाडी दिसतो, कधी नारिंगी. तेव्हा Color मोडच्या नव्या लेयरवर शेजारच्या त्वचेचा रंग अगदी पुसट लावला की तो मिसळून जातो. जेपेगमधली सावली पूर्ण काळी पडली असेल, तर मात्र तिच्यात त्वचेचा तपशीलच उरलेला नसतो. उजळली तर नुसते रंगीत ठिपके वर येतात. मूळ रॉ फाइल असेल तर तिथूनच सावली उचलावी. नसेल तर ती थोडी गडदच राहू द्यावी.

काम झाल्यावर कमरेपर्यंतची पूर्ण आकृती पडद्यावर मावेल इतका फोटो लहान करून बघावा. नजर चेहऱ्याआधी मानेवर गेली, तर हात जास्त चालला आहे असं समजावं आणि Opacity आणखी खाली आणावी.