बायोसमधला दुसरा स्विच

संगणकाच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनचे दोन पर्याय असतात. इंटेलच्या मशीनवर ते बहुधा `Intel Virtualization Technology` आणि `VT-d` या नावांनी दिसतात, तर एएमडीच्या मशीनवर `SVM Mode` आणि `IOMMU` या नावांनी. पहिला चालू केला की व्हर्च्युअल मशीन चालतं, म्हणून बरेच जण तिथेच थांबतात. मेमरीचं रक्षण मात्र दुसऱ्याकडे आहे.

ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, एसएसडी ही उपकरणं प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत वाचतात आणि लिहितात. यालाच डीएमए म्हणतात. वेग त्यामुळेच मिळतो, पण थंडरबोल्ट पोर्टला किंवा मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये कुणी मुद्दाम बनवलेलं कार्ड जोडलं, तर तेही याच वाटेनं डिस्कची गुप्त किल्ली वाचू शकतं. हे वाचन कुठल्याही प्रोग्रॅममधून होत नसल्यानं अँटिव्हायरसला ते सहसा दिसत नाही. आयओएमएमयू प्रत्येक उपकरणासाठी एक तक्ता वापरतं. मेमरीची कोणती पानं त्याला खुली आहेत, हे त्यात लिहिलेलं असतं. बाहेरचा पत्ता मागितला की ती मागणी अडवली जाते.

पासथ्रू, म्हणजे खरं ग्राफिक्स कार्ड थेट व्हर्च्युअल मशीनच्या हवाली करणं, याच तक्त्यावर चालतं. कार्डाला फक्त त्या मशीनची मेमरी खुली होते. पण ज्या उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवता येत नाही, त्यांचा एकच गट बनतो. लिनक्सवर कार्डाच्या (`01:00.0`) गटात त्याचाच ध्वनी-भाग (`01:00.1`) दिसला तर दोन्ही एकत्र द्यायचे. त्याच गटात डिस्कचा कंट्रोलरही निघाला, तर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून पाहावं लागतं.

तक्ता भरण्याआधीच्या वेळेचं काय? डिसेंबर 2025मध्ये रायट गेम्सच्या संशोधकांनी दाखवलेली त्रुटी जाहीर झाली. असूस, गिगाबाइट, एमएसआय आणि एएसरॉक यांच्या काही मदरबोर्डांचं फर्मवेअर डीएमए संरक्षण चालू असल्याचं सांगत होतं, पण सुरुवातीच्या टप्प्यात आयओएमएमयू नीट कार्यान्वितच करत नव्हतं. ऑपरेटिंग सिस्टिम ताबा घेण्याआधीच्या त्या काही क्षणांत, जोडलेलं कार्ड मेमरीत आपला कोड पेरू शकत होतं. खेळात फसवणुकीसाठी अशी कार्डं वापरली जातात, म्हणूनच गेम कंपनी या तपासात उतरली होती.

विंडोजवर `msinfo32` चालवा आणि `Kernel DMA Protection` पुढे `On` आहे का पाहा. `Off` असेल तर आधी बायोसमधला दुसरा स्विच तपासा. जुन्या मशीनवर मात्र तो चालू करूनही `Off` राहू शकतं, कारण या सोयीला फर्मवेअरचीही साथ लागते. आणि `On` दिसलं तरी ती विंडोज सुरू झाल्यानंतरची ग्वाही असते. त्याआधीच्या फटीवर उपाय एकच: मदरबोर्डच्या कंपनीनं दिलेलं दुरुस्त बायोस घालणं.