ओठ उलतात तेव्हा लिपस्टिक कुठली?

डिसेंबर-जानेवारीत नागपूरची हवा इतकी कोरडी होते की सकाळी उठल्यावर आधी ओठ चाचपावे लागतात. गेल्या हिवाळ्यात माझी मावसबहीण तिथल्या एका लग्नाला निघाली होती. आरशासमोर उभी राहून ती वैतागून म्हणाली, "ताई, लिपस्टिक चांगली महागाची आहे, तरी दोन तासांत माझे ओठ वाळल्या चिखलासारखे दिसतात." लावत होती ती लिक्विड मॅट, गडद मरून रंगाची. लिपस्टिक खराब नव्हती. पण उललेल्या ओठांसाठी ती निवड चुकीची होती.

चेहऱ्याच्या बाकी त्वचेत तेल पाझरणाऱ्या ग्रंथी असतात. ओठांवर त्या जवळजवळ नसतातच आणि वरचा थरही फार पातळ असतो. त्यामुळे ओठांतला ओलावा लवकर उडतो आणि सालं सुटतात. यावर काय लावायचं हे ठरवताना रंगाच्या आधी त्यात तेल किती आणि मेण किती हे पाहायला हवं.

लिक्विड मॅटमध्ये बहुधा आयसोडोडेकेन नावाचा, झटकन उडून जाणारा द्रव असतो. लावल्यावर मिनिटभरात तो उडतो आणि मागे राळेसारख्या पदार्थाचा व रंगाचा पातळ पापुद्रा उरतो. पेल्याला रंग लागत नाही तो यामुळेच. पण हा पापुद्रा ओठाबरोबरच सुटू लागलेल्या सालींनाही चिकटतो. आपण बोललो, हसलो की ओठ ताणला जातो, पापुद्रा तेवढा ताणत नाही आणि प्रत्येक भेग उठून दिसते. कांडीतली मॅट थोडी सुसह्य असते, कारण तिच्यात मेण आणि तेल असतं. पण चमक मारायला घातलेली सिलिकासारखी भुकटी तेल शोषते, म्हणून तीही कोरडीच लागते.

बहिणीने यावर उपाय म्हणून खाली भरपूर बाम चोपडला होता. इथेच बहुतेकींची गफलत होते. बामाच्या तेलावर लिक्विड मॅट नीट बसत नाही. तिच्या गुंडाळ्या होऊन कण सुटतात. वर तर्री-पोहे खाल्ले की तेलाने ओठाची आतली कड आधी निघते आणि बाहेर नुसती रंगाची चौकट उरते.

सॅटिनमध्ये तेलाचं प्रमाण जास्त, बहुतेकदा एरंडेलाचं किंवा तत्सम तेलांचं. त्यामुळे तिचा थर मऊ राहतो, ओठाबरोबर हलतो आणि हलकी चकाकी असल्याने भेगा कमी दिसतात. पेल्याला ती लागते, जेवणानंतर पुन्हा लावावी लागते. माझ्या मते कोरड्या ओठांसाठी ही किंमत मोजावी.

टिंटेड बाम म्हणजे मुळात बामच, त्यात थोडा रंग. पेट्रोलियम जेली, मेण, शिया बटर यांच्यामुळे ओलावा अडून राहतो. मात्र रंग पातळ असल्याने ओठ मुळात सावळे असतील तर डबीतली छटा ओठांवर उमटेलच असं नाही. आणि गार झिणझिणी आणणारा बाम घेऊ नका. ती झिणझिणी मेंथॉलची किंवा कापराची असते आणि फुटलेल्या ओठांना ती चुरचुरते. दालचिनीच्या स्वादाचंही तेच.

दुकानात एक सोपी परीक्षा करता येते. मनगटाजवळ रेघ ओढा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि कातडी बोटांनी ताणा. रेघेला बारीक तडे गेले तर ओठांवरही जातील. सगळ्यांनी वापरलेला टेस्टर थेट ओठांना मात्र लावू नका.

लग्नाच्या दिवशी आम्ही असं केलं. आदल्या रात्री पेट्रोलियम जेलीचा जाड थर. सकाळी ओल्या मऊ फडक्याने ओठ अलगद टिपले. आपोआप सुटली तेवढीच सालं जाऊ दिली, नखाने एकही ओढली नाही. मग साधा बाम, दहा मिनिटं विश्रांती आणि टिश्यूने तो पूर्ण टिपून घेतला. त्यावर मरून रंगाचीच सॅटिन, एक पातळ हात, पुन्हा टिश्यू, मग दुसरा हात. दुपारी जेवणानंतर तिने एकदाच लावली. फोटोंत भेगा दिसल्या नाहीत.

ती शिक्षिका आहे, रोज पाच-सहा तास बोलते. शाळेसाठी आता तिच्या पर्समध्ये टिंटेड बाम असतो आणि ओठ चाटायची सवय ती प्रयत्नाने मोडते आहे, कारण लाळ वाळली की ओठ आणखी कोरडे पडतात. लिक्विड मॅट तिने टाकली नाही, पावसाळ्यासाठी ठेवली आहे. तेव्हा तिचे ओठ धड असतात. पण ओठांचे कोपरे चिरत असतील, एखादी जागा दोन-तीन आठवडे भरून येत नसेल किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू असतील, तर लिपस्टिक बदलत बसण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांना ओठ दाखवा.