‘सातबारा’ असे टाइप केल्यावर

सर्च इंजिनच्या चौकटीत पडणारे शब्द दिसायला सारखेच असले, तरी त्यामागची गरज तीन तऱ्हांची असू शकते. अल्टाव्हिस्टा हे त्या काळचे सर्च इंजिन वापरणाऱ्यांची पाहणी करून आंद्रे ब्रोडर यांनी 2002 मध्ये ही विभागणी मांडली. काही जणांना ठराविक साइट गाठायची असते. तो नॅव्हिगेशनल शोध. काहींना काहीतरी समजून घ्यायचे असते, तो इन्फर्मेशनल. उरलेल्यांना काम उरकायचे असते, म्हणजे अर्ज भरणे, पैसे भरणे किंवा फाइल उतरवून घेणे; तो ट्रान्झॅक्शनल. ब्रोडर यांनी तपासलेल्या 400 शोधांत या तिघांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे 20, 48 आणि 30 टक्के निघाले. पुढच्या अभ्यासकांचे आकडे बरेच वेगळे आले. विभागणी मात्र टिकली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावसारख्या कापसाच्या तालुक्यात ‘सातबारा’ हा एकच शब्द तिन्ही घरांत बसतो. bhulekh.mahabhumi.gov.in ही साइट पाठ असलेला माणूस पत्ता लिहिण्याऐवजी हा शब्द टाकतो. वारसाची नोंद कुठल्या रकान्यात असते, हे पाहायचे असलेलाही तोच टाकतो. बँकेत पीककर्जाची फाइल द्यायची आहे, त्याला डिजिटल सहीचा उतारा हवा असतो, तो digitalsatbara.mahabhumi.gov.in वर मिळतो. पहिल्या साइटवरचा उतारा नुसता पाहण्यापुरता, दुसरीवरचा कायदेशीर कामाला चालणारा. दोन्ही साइट सरकारी, नावेही जवळजवळ सारखी. म्हणून चुकीची वर आली तर माणसाला ते बँकेच्या काउंटरवर गेल्यावर कळते.

हेतू ओळखण्याचा पहिला आधार म्हणजे शब्द. ‘म्हणजे काय’, ‘का’, ‘लक्षणे’, ‘उपाय’ हे माहितीकडे झुकतात, ‘लॉगिन’ साइटकडे, ‘अर्ज’, ‘नोंदणी’, ‘डाउनलोड’ कामाकडे. मराठीत या यादीचा भरवसा लवकर संपतो. ‘सातबारा कसा काढायचा’ यात ‘कसा’ आहे म्हणून यंत्र ते माहितीच्या खात्यात टाकते आणि लांबलचक लेख पुढे करते. विचारणाऱ्याला मात्र उतारा काढायचाच असतो. कृती विचारणे ही आपल्याकडची काम मागण्याचीच रीत आहे. म्हणून प्रश्नार्थक शब्दापेक्षा क्रियापदाला जास्त वजन द्यावे लागते. ‘कसा वाचायचा’ ही माहिती, ‘कसा काढायचा’ हे काम.

लिहिण्याच्या तऱ्हांचा घोळ वेगळाच. सातबारा, ७/१२, 7/12, satbara हे सगळे एकच. तिरप्या रेघेवर शब्द तोडणाऱ्या यंत्राला 7 आणि 12 असे दोन सुटे आकडे दिसतात, न तोडणाऱ्याला डिसेंबरची सात तारीखही दिसू शकते. गावाच्या नावाचेही तसेच. ळ नसलेल्या कीबोर्डवर राळेगावचे रालेगाव होते, आणि रोमन लिपीत Ralegaon व Ralegan यांत एका अक्षराचा फरक उरतो. अशा वेळी स्पेलिंग दुरुस्त करणारा भाग प्रसिद्ध नावाकडे ओढला जातो आणि शोध पारनेर तालुक्यातल्या राळेगण सिद्धीला पोचतो. हेतू बरोबर ओळखूनही गाव चुकले तर निकाल वायाच.

दुसरा आधार क्लिकचा, आणि तो शब्दांहून पक्का. ठिकाण गाठणाऱ्या शोधात सगळे एकाच दुव्यावर जातात, माहितीच्या शोधात पांगतात. ही पांगापांग एंट्रॉपीने मोजतात:

```
H = −Σ p · log₂ p
```

इथे p म्हणजे एकेका दुव्याला मिळालेला क्लिकचा वाटा. समजा ‘महाडीबीटी लॉगिन’ या शोधाच्या 100 क्लिकांपैकी 92 एका दुव्यावर आणि चार-चार दोन दुव्यांवर पडल्या. H येतो 0.48. ‘गुलाबी बोंडअळी उपाय’च्या क्लिक पाच पानांवर वीस-वीस अशा वाटल्या गेल्या तर 2.32. ‘सातबारा’च्या क्लिक समजा 45, 30, 15 आणि 10 अशा पडल्या, तर 1.78. खरी अडचण या मधल्या आकड्यात आहे. एकच गरज असलेली माणसे चार पानांत विखुरली की वेगवेगळ्या गरजांची माणसे एका शब्दापाशी गोळा झाली, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी क्लिकनंतर काय घडले ते पाहावे लागते. पाहण्याच्या साइटवरून काही सेकंदांत परत येऊन सहीच्या उताऱ्याची साइट उघडणारे बरेच असतील, तर त्यांना सहीचाच उतारा हवा होता.

क्लिकही थोडी फसवतेच. जो दुवा वर असतो त्यावर लोक तो वर आहे म्हणूनच बोट ठेवतात. मग यंत्र आपल्याच क्रमाला लोकांची पसंती समजते. थोड्या वापरकर्त्यांपुरती पहिल्या-दुसऱ्या दुव्यांची अदलाबदल करून पाहिली की हा दोष उघडा पडतो.

लहान गावासाठी मात्र मोजायला क्लिकच पुरत नाहीत. ‘कापूस भाव राळेगाव’ हे शब्द नेमके याच क्रमाने टाकणारे थोडेच. पाच-दहा क्लिकांवरून कसलीच एंट्रॉपी काढण्यात अर्थ नाही. इथे शोधाचा साचा करतात: [पीक] भाव [बाजार]. हिंगणघाटचा कापूस, लातूरचे सोयाबीन, लासलगावचा कांदा यांच्या नोंदी एका साच्यात जमा होतात आणि त्यांवरून ठरलेला हेतू राळेगावला लागू होतो: माहितीचा शोध, उत्तर आकड्यात, आजचेच हवे. हेतू उसना चालतो, उत्तर चालत नाही. लासलगावचा भाव राळेगावकराच्या काय कामाचा?

हेतू ठरला की निकालाचे पान बदलते. लॉगिनच्या शोधाला साइट पहिली आणि तिच्याखाली आतल्या पानांचे दुवे. बाकीचे निकाल अडगळच. बोंडअळीच्या शोधाला एकमेकांहून वेगळी पाने हवीत, कारण एकाला फेरोमोन सापळ्यांची माहिती हवी असते, तर दुसऱ्याला फवारणीचे प्रमाण हवे असते. ‘सातबारा’ला मिश्रण: पाहण्याची साइट, सहीच्या उताऱ्याची साइट, आणि दोघींतला फरक एका ओळीत. कामाच्या शोधात चूक सर्वांत महाग पडते, कारण सरकारी साइटसारखी दिसणारी मध्यस्थांची पाने तिथेच टपून असतात. डिजिटल सहीच्या उताऱ्याचे सरकारी शुल्क मात्र 15 रुपयेच आहे.

हेतू ऋतूप्रमाणेही सरकतो. नुसता ‘कापूस’ हा शब्द जूनमध्ये वाण आणि पेरणीकडे बोट दाखवतो, दिवाळीनंतर भावाकडे. 2025-26 च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाने विक्रीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी ठेवली, आणि ‘कापूस नोंदणी’ हा कामाचा शोध झाला. मागच्या वर्षीच्या क्लिकांत त्याचा मागमूस असणे शक्य नव्हते. म्हणून ताज्या काही दिवसांच्या नोंदींना जास्त वजन देतात.

कधी कधी तर क्लिकच पडत नाही. भाव निकालाच्या पानावरच छापला, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दरांसह, तर कोणी काहीच उघडत नाही. क्लिक शून्य, तरी काम फत्ते. तोच माणूस दोन मिनिटांत पुन्हा शब्द बदलून विचारत नसेल, तर उत्तर मिळाले असे धरतात. शेतात रेंज गेली तरी नोंदीत अगदी हेच दिसते.